घनाची 18 भ्रमणं आली तर

घन फिरवून पुन्हा त्याच जागेत नेमका बसवण्याच्या रीती, म्हणजे घनाची भ्रमणं, मोजताना तुला 18 आली ना? मग कडांचे अक्ष सुटलेत. बर्डीच्या बाजारातून जाड पुठ्ठा आण, घन बनव आणि कडांवर नंबर टाक.

आधी अक्षांशिवाय मोज. कडा 12. पहिली कड या बाराही जागांवर नेता येते, आणि प्रत्येक जागी तिची टोकं सुलट किंवा उलट, म्हणून भ्रमणं 24. पृष्ठांवरूनही तेच येतं: 6 पृष्ठं, प्रत्येकी 4 स्थिती.

आता अक्ष. समोरासमोरच्या पृष्ठांमधून 3, प्रत्येकाची 3 भ्रमणं. शिरोबिंदूंमधून 4, प्रत्येकाची 2. समोरासमोरच्या कडांच्या मध्यांतून 6, प्रत्येकाचं एकच, अर्ध्या फेरीचं. हेच सहा डोळ्यांना पटकन दिसत नाहीत, म्हणून घन दोन बोटांत कडांच्या मध्यावर धरूनच फिरव. 9, 8, 6 आणि जागेवरच ठेवण्याचं 1: झाले 24.

सुसम चतुष्फलकाला 4 पृष्ठं, 6 कडा, म्हणून भ्रमणं 12. इथे शिरोबिंदूतून निघालेला अक्ष समोरच्या पृष्ठाच्या मध्यातून बाहेर पडतो: 8 भ्रमणं. कडांच्या जोड्या 3, त्यांची 3, आणि ते 1. इथे 24 आलीच, तर तू आरशातली प्रतिबिंबंही मोजलीस. दोनच शिरोबिंदूंची अदलाबदल करून बाकीचे दोन जागेवर ठेवणं हाताने फिरवून जमत नाही, करून बघ.