एमआरपीतून जीएसटी काढताना थेट टक्के वजा करू नका

प्रश्न: वस्तूनिहाय किंमत यादी करायची आहे: मूळ किंमत, जीएसटी दर, कराची रक्कम, अंतिम किंमत. एमआरपी मालावर आधीच छापलेली आहे. एक्सेलमध्ये कशी करू?

आमच्या मालवणातल्या मेव्हण्याचं दुकान याच कारणावरून डोळ्यासमोर आलं. एका बाजूला आंब्याचा जाम, काजूगर, दुसऱ्या बाजूला पंखे. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, म्हणून हा म्हणे, "भावोजी, पंखा ११८०चा, दर अठरा टक्के, ११८०चे अठरा टक्के काढले की झालं." निघाले २१२.४०. मी म्हटलं, कर मूळ किमतीवर लागतो रे, करासकटच्या किमतीवर नाही! ११८०ला ११८ने भागून शंभराने गुण, मूळ किंमत १०००, कर १८०. तुझ्या हिशोबाने मूळ किंमत ९६७.६०, त्यावर अठरा टक्के लाव आणि बघ, ११८० होतात का? ११४१.७७ होतात. जादा दाखवलेले ३२.४० सरकारला भरणार तूच, स्वतःच्या नफ्यातून. "इतकं कोण बघतो" म्हणाला. पंखे बरेच खपतात त्याच्याकडे.

तुमच्या शीटमध्ये `A` वस्तू, `B` मूळ किंमत, `C` दर, `D` कर, `E` एमआरपी. `E` तुम्ही भरा, मग:

```
B2: =ROUND(E2*100/(100+C2),2)
D2: =E2-B2
```

`C`मध्ये नुसतं 18 लिहा, 18% नको. टक्क्याचं चिन्ह टाकलंत की एक्सेल ते 0.18 धरतं आणि ११८०च्या पंख्यावर दोनेक रुपये कर दिसतो. तसं दिसलं की समजा.

पैशाचा घोळ मात्र राहतोच. २४० रुपयांचा जाम, दर ५: मूळ २२८.५७, कर ११.४३. बिलावर अडीच-अडीच टक्के सीजीएसटी आणि एसजीएसटी वेगळे काढले की ५.७१ अधिक ५.७१, बेरीज २३९.९९. उरलेला एक पैसा बिलात राउंड ऑफच्या ओळीत जातो, यादीत खाडाखोड करू नका. गोव्याला माल पाठवलात तर पूर्ण पाच टक्के आयजीएसटी लागतो, यादी तीच.

जामाचा दर २२ सप्टेंबर २०२५पासून १२चा ५ झाला. जुनी यादी कॉपी करत असाल तर `C` आधी तपासा. ताजा हापूस करमुक्त, तिथे शून्य लिहा.

आणि हो, कंपोझिशन योजनेत असाल तर ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही, मग ही यादी तुमच्या कामाची नाही. मेव्हणा मात्र नियमित नोंदणीत आहे, त्याला ही पळवाटही नाही. हे उत्तर त्याला पाठवतोय.