झोपलो की पाणी येतं

"मुलगा नऊ वर्षांचा आहे. शाळेचं नाव काढलं की पोट दुखतं, रात्री दचकून उठतो. सासूबाई म्हणतात नजर लागलीय, मिस्टर म्हणतात दोन ठेवून दिल्या की सरळ होईल. समुपदेशनाचा विषय काढला तर 'पोराला वेडं ठरवतेस का' म्हणून माझ्यावरच येतात. यांना तुमच्यापर्यंत आणू कसं?"

आणू नका. निदान लगेच नको. आधी एक वही घ्या. वही कशासाठी ते सांगते.

सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे अशी घरं आली की मी पहिल्याच भेटीत आजीच्या मनातली नजर खोडून काढायची आणि वडिलांना माराचे दुष्परिणाम समजावायची. बिचारे ऐकून घ्यायचे, हात जोडायचे आणि परत फिरकायचे नाहीत. 'मानसिक' हा शब्द पहिल्या दोन-तीन भेटींत तोंडातून काढायचा नाही, हे मी त्यातूनच शिकले.

सांगलीवाडीचं एक कुटुंब 2022 च्या पावसाळ्यात आलं. (ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.) मुलाला ओम म्हणू. वय आठ. साडेतीन वर्षांचा असल्यापासून अंथरूण कोरडं, आणि त्या जूनपासून आठवड्यातून चार-पाच वेळा ओलं. पाऊस असला की शाळेलाही नकार. बालरोगतज्ज्ञांनी लघवी तपासली होती, रक्तातली साखर बघितली होती, बद्धकोष्ठता नाही ना याची खात्री केली होती. ही पायरी गाळू नये. कोरडं झालेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं तर त्यामागे मधुमेहही असू शकतो.

आजींनी सुरुवात केली. "बाई, ह्या घराला ग्रहच लागल्यात. एकोणीसला पाणी आलं, एकवीसला आलं. म्हस गेली. आता ह्ये पोरगं."

"ग्रह-बिरह काय नाय," वडील म्हणाले. "धाक राहिला नाय. मी रात्री कामावरनं येतो, ही लाड करत बसती." आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

मी आजींना विचारलं, "मग तुम्ही काय केलंत?"

"उतारा टाकला की."

"गुण आला?"

"आला. तीन दिवस कोरडा उठला."

"त्या तीन रात्री झोपला कुठं?"

आजी माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्याजवळच. उतारा केल्यावर पोराला एकटं ठेवत न्हाईत."

वडिलांनाही तेच विचारलं. मारल्यावर फरक पडला का? पहिल्या रात्री पडला, म्हणाले. नंतर तो मध्यरात्र उलटेपर्यंत टक्क जागा राहायला लागला आणि पहाटे गाढ झोपेत अंथरूण ओलं व्हायला लागलं. झोपेत होणाऱ्या गोष्टीला धाक कसा लागू पडणार, हे मी त्या दिवशी बोलले नाही. फक्त शंभर पानी वही दिली आणि सांगितलं, चौदा दिवस रोज चार गोष्टी लिहा: अंथरूण ओलं की कोरडं, तो कुणाजवळ झोपला, पाऊस होता का, संध्याकाळी घरात काय बोलणं झालं. उपाय बदलू नका. उतारा करायचा तर करा, तोही वहीत लिहा. मार मात्र चौदा दिवस बंद, नाहीतर नोंद बिघडेल. शिस्तीवर विश्वास असलेल्या माणसाला 'मारू नका'पेक्षा 'नोंद बिघडेल' हे लवकर पटतं, असा माझा अनुभव आहे.

दुसऱ्या भेटीला वहीत नऊ रात्री ओल्या होत्या. मी काहीच बोलले नाही, वही वडिलांच्या हातात दिली. त्यांनी पानं चाळली, खिशातून मोबाईल काढला आणि आयर्विन पुलाजवळच्या पातळीचे मेसेज तारखेनुसार वर सरकवत बसले. बराच वेळ. मग हळूच म्हणाले, "ह्यातल्या सात रात्री एकतर पाऊस होता, नायतर कोयनेतनं पाणी सोडल्याची बातमी होती. जेवताना मीच मोठ्यानं वाचून दाखवतो." उरलेल्या दोन रात्री कशातच बसत नव्हत्या. मी त्या बसवायचा प्रयत्नही केला नाही.

ओम जमिनीवर चित्र काढत होता. मान वर न करता म्हणाला, "झोपलो की पाणी येतं."

खोलीत कुणी हललं नाही. मग आई पहिल्यांदा सलग बोलली. 2021 च्या जुलैत पाणी रात्रीच घरात शिरलं, लाईट गेली होती, सामान वर चढवायच्या गडबडीत ओम खाली झोपलेलाच राहिला. उचलला तेव्हा त्याची वाकळ भिजलेली होती. नंतर सगळे त्याला 'आमचा वाघ, रडला पण नाय' म्हणत राहिले. त्या रात्रीबद्दल त्याच्याशी पुन्हा कुणी बोललं नाही.

वडील म्हणाले, "मी पण झोपत नाय मॅडम. रात्री दोनला पुलावर जाऊन पाणी बघून येतो."

त्या दिवशी मला जे कळलं त्यावर मी आजही काम करते. 'नशीब' म्हणणारी आजी खरं तर सांगत असते की यात आमचा दोष नाही. 'शिस्त' म्हणणारा बाप सांगत असतो की माझ्या हातात अजून काहीतरी आहे. आपण 'मानसिक' म्हणतो तेव्हा आजीची निर्दोषता आणि बापाचा हात, दोन्ही एका फटक्यात काढून घेतो. मग ते भांडणार नाहीत तर काय करतील? मी दोन्ही त्यांच्याकडेच ठेवलं. पूर कुणी आणला नाही, म्हणजे दोष कुणाचा नाही. आणि शिस्त हवीच, पण ती पाण्याच्या बातम्यांना.

जेवताना पातळी वाचणं बंद झालं. रोज संध्याकाळी सहाला बाप-लेक एकदाच आकडा बघायचे, ओम तो कॅलेंडरवर लिहायचा. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे त्याला कळलं. इशाऱ्याच्या आधीच आपण मामाकडे निघायचं, असं घरात ठरलं आणि त्याची पिशवी त्यानंच भरली. झोपताना आजी जवळ. महिनाभरानं तिचं अंथरूण एक हात लांब, मग दाराशी. त्या रात्रीची गोष्ट त्यानं माझ्याकडे आधी चित्रात, मग तोंडी, पाच-सहा वेळा सांगितली. दिवाळीपर्यंत ओल्या रात्री महिन्यातून एक-दोनवर आल्या. पुढच्या जूनमध्ये पुन्हा दहा-बारा दिवस गडबड झाली, पण या वेळी कुणी घाबरलं नाही.

आजी अजून मीठ-मोहरीनं दृष्ट काढतात. काढू देत, त्या वेळी तो हसत असतो. माझी रेघ एवढीच: मुलाला दुखेल, भीती वाटेल किंवा औषध थांबेल असं काही नको. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चटके, मिरचीची धुरी हा तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. आणि मूल स्वतःला इजा करत असेल किंवा खाणंपिणं सोडत असेल, तर वही बाजूला ठेवून थेट डॉक्टर.

तुमच्या घरी अजून तसं दिसत नाही. पोटदुखीसाठी एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या आणि आजपासून तारीख, वेळ, आदल्या संध्याकाळी काय घडलं, एवढं लिहा. सासूबाईंना विचारा, नजर उतरल्यावर किती दिवस बरा असतो आणि त्या दिवसांत काय वेगळं असतं. मिस्टरांना काही सांगू नका. दोन आठवडे झाले की वही नुसती त्यांच्या हातात द्या. पण त्याआधी तुम्ही स्वतः एक बघून ठेवा: रविवारी पोट दुखतं का?