प्रश्नावलीतील सातवा प्रश्न

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेली कर्मचारी अभिप्राय प्रश्नावली मी दोनदा वाचली. बहुतेक प्रश्न थोड्या दुरुस्तीने चालतील. सातव्यावर मात्र सविस्तर लिहायला हवे. ‘नवीन पाळीपद्धतीमुळे कामाचा ताण कमी होऊन कुटुंबाला अधिक वेळ देता येतो, याच्याशी तुम्ही किती सहमत आहात?’ असा तो प्रश्न आहे.

यात ताण आणि कुटुंबासाठीचा वेळ या दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. ज्याचा ताण वाढला, पण घरी लवकर पोहोचता येऊ लागले, त्याने कोणत्या पर्यायावर खूण करावी? असा माणूस बहुधा मधला पर्याय निवडतो आणि तू त्याला तटस्थ समजतोस. ‘आणि’ शोधून असे प्रश्न पकडता येतात, हे तुला ठाऊक असेलच. परंतु मराठीत ही जोडणी ‘होऊन’, ‘करून’ यांतही लपते. ‘मुळे’ हा शब्द तर कारणही गृहीत धरतो. ताण कमी झाला असेल, पण तो नवी माणसे भरती झाल्याने, तर उत्तर काय द्यायचे?

दुसरा दोष कल देण्याचा आहे. वाक्यात केवळ सुधारणेचीच बाजू मांडून सहमती विचारली, की अनेकजण होकाराकडे झुकतात, विशेषतः प्रश्न व्यवस्थापनाकडून आलेला असताना. म्हणून सहमती न विचारता थेट ताणाविषयी विचारावे: ‘पाळी बदलण्यापूर्वीच्या महिन्याच्या तुलनेत गेल्या महिन्यात तुमच्या कामाचा ताण कसा होता?’ पर्याय असे ठेव: बराच कमी, थोडा कमी, तेवढाच, थोडा जास्त, बराच जास्त. दोन्ही बाजूंना सारखेच पर्याय हवेत, आणि जे तेव्हा कामावर नव्हते त्यांच्यासाठी वेगळा रकाना हवा, नाहीतर तेही ‘तेवढाच’ निवडतील. कुटुंबासाठीच्या वेळेचा प्रश्न याच धर्तीवर स्वतंत्र विचार. पाळीचा परिणाम काय झाला, हे मात्र या दोन उत्तरांवरून सिद्ध होणार नाही. त्यासाठी ज्या विभागांत पाळी बदललीच नाही, तेथील उत्तरेही पाहावी लागतील.

छापण्यापूर्वी वेगवेगळ्या पाळ्यांतील पाच-सहा जणांना हे प्रश्न वाचून दाखव. ‘समजले का?’ असे विचारू नकोस, कारण त्यावर सगळे ‘हो’ म्हणतात. प्रश्न त्यांच्या शब्दांत सांगायला लाव आणि उत्तर देताना मनात काय आले ते विचार. ‘ताण’ म्हणजे कोणी अंगमेहनत समजतो, कोणी सुपरवायझरचा तगादा. असे दोन अर्थ निघाले, तर तो शब्दच बदलावा लागेल.

सुधारलेला मसुदा पाठव, त्यासोबत त्या पाच-सहा जणांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून जोड.

तुझा शुभचिंतक