संग्रहाचं नाव: आधी शीर्षककथा ठरवा

तालुक्याच्या गावातल्या बायकांवरच्या तुमच्या कथासंग्रहासाठी तुम्ही नावांची यादी केली आहे. तिच्यातली 'तिची स्पंदनं', 'अव्यक्त' ही नावं आधी काढून टाका. ती कुठल्याही कवितासंग्रहावरही चालतील, आणि तुमच्या तालुक्याच्या गावातल्या बायका त्यांत कुठेच दिसत नाहीत.

नाव कथांच्या आतच सापडतं. समजा, एका कथेत शिवणकाम करणारी बाई आहे. गिऱ्हाईक बायका मापाला जुनं ब्लाउज देऊन जातात आणि कोण वाळली, कोणाला दिवस गेले, हे हिला घरच्यांआधी कळतं. मग 'मापाचं ब्लाउज' हे नाव घेऊन बघा. त्यात वस्तू आहे, बायका आहेत, गावही आहे. शिवाय दोनच शब्द, म्हणजे पुस्तकाच्या कण्यावर ठळक बसतील.

अट एकच, पण कडक: शीर्षककथा संग्रहातली सगळ्यात दमदार हवी. परीक्षण लिहिणारा तीच आधी उघडण्याची शक्यता असते. नाव झकास आणि कथा लेचीपेची असेल, तर नावासाठी दुसऱ्या, दमदार कथेतला एखादा संवाद उचला.

'आणि इतर कथा' हे शेपूट नको; त्याऐवजी मुखपृष्ठावर 'कथासंग्रह' हा शब्द पुरतो. छपाईआधी नाव इंटरनेटवर आणि ग्रंथालयाच्या सूचीत शोधा. त्याच नावाचं पुस्तक निघालं, तर दुकानदार वाचकाला भलतंच काढून देईल.