‘असल बरहुकूम नक्कल’ म्हणजे किती बरहुकूम?

प्रश्न: आजोळच्या एका मोडी कागदाच्या शेवटी ‘असल बरहुकूम नक्कल’ असं लिहिलंय. म्हणजे अक्षरन् अक्षर, ओळन् ओळ मूळ कागदासारखी असा अर्थ आहे का? मी त्याचं देवनागरीत लिप्यंतर करतेय. मीही तसंच करायचं, की शुद्धलेखन आजचं वापरून ओळी सलग केल्या तर चालेल?

उत्तर: ‘बर’ हा फारसी शब्द, म्हणजे ‘वर’ किंवा ‘प्रमाणे’, आणि ‘हुकूम’ अरबी. बरहुकूम म्हणजे हुकमाप्रमाणे, आणि पुढे नुसतंच ‘प्रमाणे’. ‘असल’ म्हणजे मूळ, त्यातूनच आपला ‘अस्सल’. ‘नक्कल’ ज्या अरबी धातूवरून आली त्याचा अर्थ एका जागेवरून दुसरीकडे नेणं. म्हणून त्या शेऱ्याचा अर्थ एवढाच: मूळ कागदात होतं ते इथे आणलं आहे. ओळी कुठे तुटल्या, शब्द कसा लिहिला, याची हमी कारकून देत नव्हता. गावाचं नाव, आकडे, तारीख, अटी यांची रुजवात झाली की त्याचं काम झालं. तेव्हा तुमच्या हातातला कागद आधीच एका माणसाच्या नजरेतून आणि सवयीतून गेलेला आहे. तुम्ही दुसऱ्या. दोघांचे बदल एकमेकांत मिसळू नयेत म्हणून तुमची जबाबदारी त्याच्याहून मोठी आहे.

पण ‘सगळं मुळासारखं’ हे मोडीत शब्दशः शक्यच नसतं. सर्वसाधारण मोडीत इकाराला एकच खूण असते आणि उकारालाही एकच. ‘पाटिल’ की ‘पाटील’ हा प्रश्न लिहिणाऱ्यासमोर नव्हताच. म्हणून ह्रस्वदीर्घाच्या बाबतीत मी सरळ आजचं शुद्धलेखन वापरते आणि लिप्यंतराच्या माथ्यावर तसं एका वाक्यात लिहून ठेवते. एखाद्या हातात दोन्ही रूपं खरंच वेगळी दिसली तर ती जपा. शब्द सुटे करणंही तुमच्याकडेच येतं, कारण मोडीत शिरोरेषा आधी आखून तिच्याखाली अक्षरं सलग लिहीत. ‘हिसेबातनधरणें’ हे ‘हिसेबात न धरणें’ आहे की ‘हिसेबातन धरणें’? एकात रक्कम वगळायची आहे, दुसऱ्यात घ्यायची आहे. जिथे अशी शंका असेल तिथे शब्द तोडा, पण सलग रूप कंसात ठेवा.

बाकी सगळं मात्र जसंच्या तसं. ‘सेत’ला ‘शेत’, ‘दिल्हे’ला ‘दिले’, ‘जाहला’ला ‘झाला’ करू नका. १९६२ च्या नियमांनी गेलेले अनुस्वार कागदावर असतील तर ठेवा, नसतील तर घालू नका. मोडीत ते बऱ्याचदा गळलेले असतात, आणि कुणी घातले, कुणी गाळले यावरून पुढे हात ओळखायला मदत होते.

आता हे नमुन्यादाखल बघा. जुन्या सनदांच्या ठरीव शब्दांवरून मी जुळवलं आहे:

छ१२रबिलाखरसु॥इहिदेसबैनमयावअलफमौजेमज
कूरपैकींसेतबिघे१२॥देखीलहालीपटीवपे
स्तरपटीखेरीजहकदारवइनामदारकरूनदिल्हेअसे

‘सु॥’ म्हणजे सुहूर सन. इहिदे एक, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार: ११७१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन, म्हणजे १७७०-७१. हे वर्ष मृगाला सुरू होतं. रबिलाखरचा बारावा चंद्र या वर्षात ऑगस्ट १७७० मध्ये येतो. पण याच रांगेत ‘सितैन’ म्हणजे साठ आणि ‘तिसैन’ म्हणजे नव्वद. दोन अक्षरांची अदलाबदल, आणि कागद तीस वर्षं इकडेतिकडे! नकलेत कारकुनाने चूक केली असेल असं वाटलं तरी मजकुरात दुरुस्त करू नका. आहे ते लिहा, शंका तळटीपेत मांडा. चंद्र आणि वर्ष कागदात आलेल्या माणसांशी जुळतात का ते मग ताडून पाहता येतं. तुम्ही गुपचूप दुरुस्त केलंत तर ताडायला काही उरतच नाही.

मग ते ‘१२॥’. हा पूर्णविराम नाही. एक दंड पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. हे साडेबारा बिघे आहेत. तेच दोन दंड ‘सु॥’मध्ये शब्द छाटल्याची खूण आहेत. ‘जुनी विरामचिन्हं’ समजून दंड काढून टाकलेली लिप्यंतरं मी पाहिली आहेत. त्यांत अर्धा बिघा, आठ आणे सहज नाहीसे होतात. आणि संक्षेप फोडायचा तर मूळ खूण ठेवून कंसात फोडा: सु॥ [सुहूर सन]. ‘ता॥’ कुठे तर्फ असतं, कुठे तारीख. तुमचा अंदाज चुकला तरी पुढच्याला खूण दिसली पाहिजे.

‘देखील’कडेही लक्ष द्या. इथे त्याचा अर्थ ‘सुद्धा’ असला तरी तो पुढच्या शब्दाला धरून आहे: चालू आणि पुढे बसणाऱ्या पट्ट्यांसकट. आजच्या वळणाने विरामचिन्हं घातली की तो मागच्या ‘बिघे’ला चिकटतो आणि सगळी सवलतच नाहीशी होते. म्हणून स्वल्पविरामसुद्धा मुख्य लिप्यंतरात नको.

ओळींबद्दल. मोडीत ओळ कुठेही तुटते, ‘मज/कूर’, ‘पे/स्तरपटी’, म्हणून त्या तुटीला अर्थ नाही हे खरं. तरी ती नोंदवा, कारण तिचा उपयोग तुम्हालाच होणार आहे. एका इनामपत्रात दोन लागोपाठच्या ओळींचा शेवट ‘इनाम’ने होत होता. माझी नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर घसरली आणि मधली अख्खी ओळ सुटली. वाचताना वाक्य बिनचूक लागत होतं, त्यामुळे शंकाही आली नाही. कागदावरच्या ओळी मोजल्या एकोणीस, माझ्याकडे अठरा, तेव्हा कळलं. त्या सुटलेल्या ओळीत चतुःसीमेतली पूर्वेची हद्द होती. दुसरा फायदा फाटक्या कागदाचा. उजवी कड कुरतडलेली असेल तर शेजारच्या धड ओळींत किती अक्षरं बसली आहेत ते मोजून गेलेल्या जागेत तीन अक्षरं होती की दहा, हे सांगता येतं. ओळी सलग केल्यात तर हे मोजमाप हातचं गेलं.

प्रत्येक ओळ वेगळी टंकली तर शब्द मध्येच तुटून वाचणं त्रासाचं होतं. त्यापेक्षा मजकूर सलग ठेवून तुटीच्या जागी तिरकी रेघ आणि ओळीचा आकडा घालावा:

[१] छ १२ रबिलाखर सु॥ इहिदे सबैन मया व अलफ मौजे मज/[२]कूर पैकीं सेत बिघे १२॥ देखील हालीपटी व पे/[३]स्तरपटी खेरीज हकदार व इनामदार करून दिल्हे असे

घरच्यांना वाचायला द्यायची प्रत यावरून वेगळी करा. तिच्यात ‘शेत’, ‘दिले’, ‘साडेबारा बिघे’, विरामचिन्हं, सगळं आजचं चालेल. फक्त माणसांची आणि गावांची नावं तिथेही कागदावर आहेत तशीच राहू द्या. आणि आधी पहिली प्रत पूर्ण करून, ओळी मोजून, मगच दुसरीला हात घाला. दोन्ही एकदम करायला गेलं की आजचं शुद्धलेखन पहिल्या प्रतीत कधी शिरतं ते कळतही नाही.

तो शेवटचा शेराही लिप्यंतरात त्याच्या जागी यायला हवा. तो मजकुराच्याच हातातला आहे की वेगळ्या, शाई तीच आहे का, हे शेजारी लिहा. हात वेगळा असेल तर नक्कल एकाने केली आणि रुजवात दुसऱ्याने घातली असण्याची शक्यता आहे.