शिफारस कोणी, कितव्या तासाला करायची?

प्रश्न: एम.एड.च्या लघुशोधप्रबंधातल्या माझ्या शिफारशी "ढोबळ आहेत, शिक्षकांना वर्गात करता येतील अशा लिहा" म्हणून गाईडनी परत पाठवल्या. नेमकं काय बदलू?

तुमच्या गाईडनी परत तरी पाठवल्या. माझ्या गाईडना ढोबळच हव्या होत्या.

मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे. नोकरी सांभाळून एम.एड. केलं, विषय तिसरीच्या मुलांच्या हातच्याच्या वजाबाकीतल्या चुका. शेवटच्या प्रकरणात चौदा शिफारशी ठोकल्या होत्या: "शिक्षकांनी शैक्षणिक साधनांचा प्रभावी वापर करावा" वगैरे. तिसरी-चौथी सांभाळणाऱ्या बाईंना मसुदा वाचायला दिला. त्यांनी एवढंच विचारलं, "सर, हे मी उद्या कितव्या तासाला करू? आणि तेव्हा चौथी काय करील?" पलीकडच्या खोलीत पहिली-दुसरी एकत्र घेऊन मी रोज तेच भोगत होतो, आणि लिहिताना विसरलो होतो.

अकरा शिफारशी खोडल्या. त्यांच्यामागे माझा एकही निष्कर्ष नव्हता. चुकांचं कोष्टक न उघडताच लिहिल्या होत्या. कोष्टक उघडल्यावर दिसलं की ४०३ − १७८ चं उत्तर मुलं दोन ठरावीक तऱ्हांनी चुकतात. ३७५ लिहिणारा प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा करतो. ३२५ लिहिणारा शून्याचे नऊ करतो, पण शतकातला एक कमी करत नाही. दोघांना एकच "साधन" काय कामाचं?

मग शिफारस अशी झाली: "दशकस्थानी शून्य असलेली वजाबाकी शिकवण्याआधी शिक्षकांनी फळ्यावर असं एकच उदाहरण द्यावं व उत्तरांवरून मुलांचे गट करावेत. ३२५ लिहिणाऱ्यांकडून कागदी नोटांनी शंभराची एक मोडून दहाच्या दहा, त्यातली एक मोडून एकच्या दहा, असं करून घ्यावं. ३७५ लिहिणाऱ्यांनी आधी ४३ − १८ सारखं उदाहरण नोटांनी सोडवावं. तेवढा वेळ चौथीला पाढ्यांचं लेखी काम द्यावं. दुसऱ्या दिवशी ५०२ − २६७ द्यावं. २३५ आलं तर पुढे जावं." बाईंनी करून पाहिलं. नोटा कापण्यातच तास गेला, म्हणून "नोटा आदल्या दिवशी मुलांकडून कापून घ्याव्यात" हे वाक्य वाढलं.

गाईड म्हणाले, "ही शिफारस नव्हे, पाठटाचण झालं." मी आजही म्हणतो, शिक्षकाला पाठटाचणात उतरवता येत नसेल तर ती शिफारस कुणासाठी?

तुम्हीही प्रत्येक शिफारशीसमोर निष्कर्षाचा क्रमांक लिहा. क्रमांक सापडला नाही तर ती काढा. उरलेल्या शिफारशी एखाद्या शिक्षकाला वाचायला द्या, आणि तो कुठे अडतो ते बघा.

हां, बाईंनी एकदा करून पाहिलं म्हणजे परिणाम सिद्ध झाला नव्हे. तासात बसतं का, एवढंच त्यातून कळतं. नमुना दोन शाळांचा असेल तर "अशा शाळांत" एवढंच म्हणा. आणि विद्यापीठाच्या आराखड्यात शासनासाठी शिफारशी मागितल्या असतील तर त्या वेगळ्या मथळ्याखाली द्या, शिक्षकांच्या यादीत कालवू नका.