पहिलं नातवंड आल्यावर काका-काकूंना काय लिहायचं

प्रिय,

शेजारच्या काका-काकूंच्या मुलीला मुलगी झाली आणि त्यांना अभिनंदनाचा निरोप पाठवायचाय, म्हणून तू मसुदा दाखवलास: ‘कन्यारत्नाबद्दल हार्दिक अभिनंदन! पहिली बेटी, धनाची पेटी! आमचे शुभार्शिवाद.’ भावना चांगलीच आहे, पण यातल्या तीन गोष्टी बदलायला हव्यात.

कन्यारत्न झालं ते ताईला. काका-काकूंना नात झाली. हा मजकूर बाळाच्या आईबाबांना जसाच्या तसा चालला असता, म्हणजे काका-काकू त्यात कुठे आलेच नाहीत. पहिल्या वाक्यातच ‘तुम्ही आजी-आजोबा झालात’ असं येऊ दे. हा शब्द त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच लागतोय, आणि तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यातच त्यांचा खरा आनंद आहे.

दुसरं, ‘धनाची पेटी’. मुलगी झाल्यावर समजूत घालायला ही म्हण इतकी वापरली गेली आहे की कौतुक म्हणून लिहिली तरी ती सांत्वनासारखी ऐकू येते. मुलगा झाला असता तर असं काही जोडावंसं वाटलं असतं का, ते बघ. ‘पेढे की बर्फी?’ हा प्रश्नही त्याच कारणासाठी नको. ‘दुधावरची साय’ मात्र आजी-आजोबांना मनापासून आवडते, कारण त्यात मुलगा-मुलगी हा भेद नाही.

तिसरं, आशीर्वाद. तो वडीलधाऱ्यांकडून धाकट्यांकडे जातो. तू काका-काकूंना नमस्कार करायचा आणि आशीर्वाद फक्त बाळाला द्यायचा. ताई तुझ्यापेक्षा मोठी आहे, तर तिलाही नमस्कारच. शिवाय शब्द ‘शुभाशीर्वाद’ असा आहे. रफार शी-वर नाही, वा-वर येतो. काका शिक्षक होते, त्यांची नजर आधी तिथेच जाईल.

कागदावर लिहिशील तर मायना ‘तीर्थस्वरूप’ असू दे. ‘तीर्थरूप’ आपल्या आईवडिलांसाठी, आणि तितक्याच मानाच्या बाहेरच्या वडीलधाऱ्यांसाठी ‘तीर्थस्वरूप’. फोनवर ‘सादर नमस्कार’ पुरे. काकूंना एरवी ‘तू’ म्हटलं जात असलं तरी निरोप दोघांना आहे, म्हणून सगळीकडे ‘तुम्ही’. ‘आपण’ने सुरुवात करून ‘तुमची नात’वर येऊ नये, वाचताना ते छापील मजकूर जोडल्यासारखं वाटतं.

आता मधला भाग. इथे एकच वाक्य असं हवं, जे फक्त या घराला लागू पडेल. काका अंगणात गल्लीतल्या मुलांकडून पाढे म्हणून घेतात आणि काकू जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवतात, असं तूच सांगितलंस. मग बाहेरून सुविचार कशाला आणायचे? सगळं जुळवून असं होईल:

‘काका-काकू, सादर नमस्कार. तुम्ही आजी-आजोबा झालात, मनापासून अभिनंदन! ताई आणि बाळ सुखरूप आहेत हे कळल्यावर फार आनंद झाला. काकूंच्या मऊ गोधडीला आता हक्काची मालकीण आली, आणि काकांच्या अंगणातल्या पाढ्यांना घरचाच आवाज मिळणार. ताईला नमस्कार, बाळाला अनेक उत्तम आशीर्वाद. तुम्ही सांगाल तेव्हाच बघायला येऊ. उत्तराची घाई नाही.’

शेवटची दोन वाक्यं गाळू नकोस. पहिलं बाळंतपण माहेरी आहे, म्हणजे काकूंची रात्र बाळाच्या रडण्यात आणि दिवस शेक-शेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू यांत जाणार. त्यांना फोन घ्यायलाही हात मोकळा नसतो. म्हणूनच निरोपात एकही प्रश्न ठेवला नाही. वजन किती, नॉर्मल की सिझेरियन, कोणावर गेलंय, बारसं कधी, हे त्यांनी आपणहून सांगितलं तरच ऐकायचं. शेवटचे दोन प्रश्न निरुपद्रवी वाटतात, पण दोन्ही घरांत त्यावरच ओढाताण चाललेली असू शकते.

पाठवण्याआधी दोन गोष्टींची खात्री कर. बातमी काका-काकूंनीच दिली आहे ना? दुसरीकडून कळली असेल तर थांब. सांगण्याचा पहिला मान त्यांचा. आणि बाळ काचेत ठेवलेलं नाही ना? तसं असेल तर ‘सुखरूप’चं वाक्य काढायचं, अभिनंदन ठेवायचं, आणि ‘डबा किंवा दवाखान्यात थांबायला कोणी हवं असेल तर हाक मारा’ एवढं जोडायचं. ‘काळजी करू नका, सगळं ठीक होईल’ असं मात्र लिहू नये, ते आपल्या हातात नसतं.

निरोप दोघांच्या फोनवर वेगवेगळा जाऊ दे, सोसायटीच्या ग्रुपवर नको. तिथे तो पन्नास फुलांच्या चित्रांखाली दबून जाईल. बाळाचा फोटो त्यांनी पाठवला तरी तुझ्या स्टेटसला लावू नकोस.

ताईच्या सासरचे आजी-आजोबाही तुझ्या ओळखीचे आहेत, तर त्यांनाही निरोप जाऊ दे. फक्त गोधडी आणि पाढे तिथे चालणार नाहीत. बाळ सध्या त्यांच्यापासून लांब आहे, म्हणून ‘नात घरी येईल त्या दिवसाची तुमच्याइतकीच आम्हीही वाट बघतोय’ असं लिही.

तुझ्या भल्याची इच्छा करणारे,
आम्ही